घरी नेलेले कॅन आणि फुकट वाटलेल्या बाटल्या: दुकानाच्या हिशोबात कुठे लिहायचं

गल्ल्यातून पाचशे रुपये काढले की बहुतेक दुकानदार कुठेतरी लिहून ठेवतात, निदान लक्षात तरी ठेवतात, पण रॅकवरून पाचशेचा माल उचलून घरी नेला तर तो लिहायचा असतो हे डोक्यातच येत नाही, कारण पैसे कुठे गेले नाहीत ना, आपलाच माल, आपलंच घर. मी ठाण्यात छोट्या दुकानांचे हिशोब बघते आणि दरवर्षी दिवाळीनंतर या एकाच गोष्टीवर माझे दोन-तीन दिवस जातात, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

उदाहरण वागळे इस्टेटच्या बाजूच्या एका दुकानाचं घेते, आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. दुकान साफसफाईच्या सामानाचं आहे, म्हणजे लिक्विड डिटर्जंटचे पाच लिटरचे कॅन, फ्लोअर क्लीनरच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या, मॉप, ब्रश वगैरे. माल तुर्भ्याच्या होलसेलरकडून येतो आणि मोठं गिऱ्हाईक म्हणजे घोडबंदर रोडच्या सोसायट्या. दुकान एकट्या मालकाच्या नावावर आहे, जीएसटी रेग्युलर स्कीममध्ये. मालकांना आम्ही दादा म्हणतो.

ऑक्टोबरचा हिशोब लावला तर ग्रॉस प्रॉफिट आलं १९.६ टक्के. हे दुकान वर्षानुवर्षं पंचवीसच्या आसपास असतं, भाव बदलले नव्हते, सप्लायर तोच होता. मी दादांना फोन केला, "दादा, माल कुठे गेला?" ते म्हणाले, "ताई, चोरी तर नाही झाली, पोरगा भरवशाचा आहे." मग समोर बसून विचारत गेले तेव्हा एकेक बाहेर आलं. दिवाळीच्या साफसफाईला घरी तीन कॅन नेले, ऐरोलीला बहिणीकडे दोन दिले, कासारवडवलीच्या पुढच्या नवीन सोसायट्यांमध्ये हाउसकीपिंगवाल्यांना ट्राय करायला म्हणून साठ बाटल्या वाटल्या, आणि एक कॅन दुकानाचीच लादी धुवायला फोडला. यातलं एकही कुठे लिहिलेलं नव्हतं.

कॅनची खरेदी ४०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७२ रुपये. बाटलीची खरेदी ५० आणि जीएसटी ९. विकताना कॅन ५२० ला जातो, जीएसटी वेगळा.

आता पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच असतो की घरी नेलेला कॅन ४०० ने धरायचा की ५२० ने. ४०० ने. स्वतःला माल विकून स्वतःकडून नफा कमावता येत नाही, साधी गोष्ट आहे, आणि ही काही माझी सोय म्हणून काढलेली पद्धत नाहीये. मुंबईचे चांदीचे व्यापारी सर किकाभाई प्रेमचंद यांनी धंद्यातली चांदी आणि शेअर काढून ट्रस्टमध्ये ठेवले होते आणि पुस्तकात ते खरेदीच्याच किमतीने कमी केले होते, इन्कम टॅक्स खात्याचं म्हणणं पडलं की काढलं त्या दिवशीचा बाजारभाव लावा आणि वरच्या फरकावर टॅक्स भरा. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९५३ मध्ये कोर्टाने व्यापाऱ्याच्या बाजूने निकाल दिला, की माल नुसता धंद्यातून काढून घेतला तर त्यात नफा झालेला नसतो, खरेदी किंमत लावली ते बरोबर आहे. त्यामुळे कोणी तुम्हाला सांगितलं की स्वतःच्या नावाने विक्रीचं बिल फाडा आणि सेल्समध्ये टाका, तर तसं करू नका, जो नफा झालाच नाही तो पुस्तकात चढतो आणि ग्रॉस प्रॉफिट उलट्या बाजूने बिघडतं.

मग एंट्री कशी? तर माल विकलेला नाही म्हणून सेल्सला हात लावायचा नाही, आणि जो माल धंद्यासाठी म्हणून खरेदीत लिहिला होता तो धंद्यासाठी राहिलाच नाही म्हणून तो खरेदीतून काढायचा. बाकी राहिला जीएसटी. खरेदीच्या वेळी आपण त्या कॅनचे ७२ रुपये इनपुट क्रेडिट म्हणून घेतलेले असतात, ते क्रेडिट धंद्याच्या मालावर मिळतं, घरच्या वापरावर नाही. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये 'जी' खाली स्वतःच्या वापराचा माल सरळ लिहिलाय की यावर क्रेडिट नाही. म्हणजे ते ७२ रुपये परत करायचे, आणि ते धंद्याने का सोसायचे, ते पण मालकाच्याच उचलीत, म्हणजे मालकाने धंद्यातून स्वतःसाठी जे काढलं त्या खात्यात, गेले पाहिजेत. पाच कॅनची एंट्री अशी पडते:

उचल खाते नावे २,३६०
खरेदी खाते जमा २,०००
इनपुट सीजीएसटी जमा १८०
इनपुट एसजीएसटी जमा १८०
(मालकाने घरगुती वापरासाठी ५ कॅन नेले, खरेदी किमतीने)

बहिणीला दिलेले दोन कॅन पण यातच आलेत हे बघा. दादांचं म्हणणं होतं की ती भेट आहे, मग भेटवस्तू खर्च टाका ना. पण बहीण गिऱ्हाईक नाही, त्या भेटीत धंद्याचा काही संबंध नाही, ती दादांनी भाऊ म्हणून दिलीय, म्हणून ती उचलच. माल दुकानातून निघाला की धंद्याच्या कामासाठी निघाला का घरच्या, एवढंच विचारायचं, कोणाच्या हातात गेला त्यावर ठरत नाही.

आता साठ बाटल्या. त्या धंद्यासाठीच दिल्या, सोसायटीची ऑर्डर मिळावी म्हणून, तेव्हा ही उचल नाही, हा जाहिरातीचा खर्च आहे आणि तो नफ्यातून वजा होतो. पण गंमत अशी की खर्च धंद्याचा असला तरी जीएसटीचं क्रेडिट मात्र इथेही जातं. बहुतेक लोक इथेच चुकतात, त्यांना वाटतं धंद्यासाठी वाटलं म्हणजे क्रेडिट आपलं. त्याच कलम १७(५) मध्ये पुढे 'एच' आहे, त्यात हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला, राइट ऑफ केलेला, आणि भेट किंवा फ्री सॅम्पल म्हणून दिलेला माल असं सगळं एका ओळीत आहे, यावर क्रेडिट नाही. जीएसटीवाल्यांनी ७ मार्च २०१९ च्या ९२ नंबरच्या सर्क्युलरमध्ये हेच परत स्पष्ट केलं, की फ्री सॅम्पलला मोबदला नाही म्हणून ती सप्लाय धरली जात नाही, म्हणजे त्यावर टॅक्स लावून बिल करायची गरज नाही, पण मग इनपुट क्रेडिट पण मिळणार नाही. ६० बाटल्यांची एंट्री:

जाहिरात खाते नावे ३,५४०
खरेदी खाते जमा ३,०००
इनपुट सीजीएसटी जमा २७०
इनपुट एसजीएसटी जमा २७०
(सोसायट्यांना ६० बाटल्या मोफत नमुने वाटले)

म्हणजे सॅम्पलचा खरा खर्च बाटलीला ५० नाही, ५९ आहे. सॅम्पल वाटायचं बजेट करताना दादा ५० धरत होते, मी म्हटलं ५९ धरा, कारण ते ९ रुपये कोणाकडूनही परत येणार नाहीत.

राहिला तो लादी धुतलेला कॅन. इथे उलट आहे. दुकानाची लादी दुकानासाठीच धुतली, ना घरी नेला, ना कोणाला फुकट दिला, तेव्हा क्रेडिट परत करायची गरज नाही, फक्त विक्रीचा माल खर्चात गेला एवढंच दाखवायचं: दुकान सफाई खर्च नावे ४००, खरेदी खाते जमा ४००. तोच कॅन, पण घरी गेला तर ४७२, दुकानात वापरला तर ४००. दुकानातल्या पोराला दिवाळीला बोनसबरोबर एखादा कॅन दिला असता तर तो स्टाफ वेल्फेअर खर्च झाला असता आणि भेट म्हणून क्रेडिट गेलं असतं, म्हणजे परत ४७२.

आता हे सगळं न लिहिल्याने नेमकं काय बिघडलं होतं ते एकदा आकड्यात बघू, कारण इथेच पटतं. ऑक्टोबरची विक्री एक लाख, सुरुवातीचा माल ४०,०००, खरेदी ९०,०००, महिनाअखेर रॅकवर मोजून माल निघाला ४९,६०० चा. एंट्री न करता हिशोब केला तर चाळीस अधिक नव्वद वजा ४९,६०० म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ८०,४००, आणि ग्रॉस प्रॉफिट १९,६००. पण त्या ८०,४०० मधले ५,४०० चा माल विकलेलाच नाही, दोन हजारांचा घरी आहे, तीन हजारांचा सोसायट्यांमध्ये आहे, चारशेचा लादीवर गेला. तो बाजूला काढला की विकलेल्या मालाची किंमत ७५,००० आणि ग्रॉस प्रॉफिट २५,०००, म्हणजे नेहमीचे पंचवीस टक्के. चोरी झाली नव्हती, भाव चुकला नव्हता, फक्त तीन एंट्र्या नव्हत्या.

मग २५,००० मधून जाहिरात ३,५४० आणि सफाई ४०० वजा केले की २१,०६० उरतात (भाडं, पगार वगैरे अजून बाकी आहे, ते दोन्हीकडे सारखंच). आधीच्या १९,६०० पेक्षा हे १,४६० ने जास्त. हा फरक कुठून आला ते बघण्यासारखं आहे. घरी नेलेल्या मालाचे २,००० आधी गुपचूप धंद्याचा खर्च होऊन बसले होते, ते सुटले, आणि सॅम्पलवरचे ५४० रुपये जीएसटी, जो आपण क्रेडिट म्हणून धरून बसलो होतो, तो खर्चात आला. दोन हजार वजा ५४०, बरोबर १,४६०. सॅम्पलची मूळ किंमत आणि लादीचा कॅन याने शेवटच्या नफ्यात फरक पडत नाही, ते आधीही नफा कमीच करत होते, फक्त चुकीच्या ओळीत बसून. म्हणजे सॅम्पल न लिहिलं तर तुमचं मार्जिन खोटं दिसतं, आणि उचल न लिहिली तर तुमचा नफाच कमी दिसतो आणि घरच्या साबणावर इन्कम टॅक्स वाचवल्यासारखं होतं, मुद्दाम केलेलं नसलं तरी. दुसरी चूक जास्त गंभीर आहे.

दादांनी एक चांगला प्रश्न विचारला, "पण ताई, उचल लिहिली की माझं भांडवल कमी होणार ना?" मालाच्या किमतीपुरतं बघितलं तर नाही होत. भांडवलात नफा २,००० ने वाढून मिळतो आणि उचल २,००० ने वजा होते, शेवटची बाकी तीच राहते. भांडवल कमी होतं ते फक्त परत केलेल्या जीएसटीमुळे, आणि ते पैसे मुळात आपले नव्हतेच.

हे सगळं माल मोजून महिनाअखेर काढणाऱ्याचं झालं. जे टॅलीमध्ये स्टॉक ठेवतात आणि क्लोजिंग स्टॉक टॅलीने दाखवला तोच घेतात त्यांच्याकडे रोग वेगळा दिसतो. तिथे नफा बिघडत नाही, मार्जिन पंचवीसच येतं, पण पुस्तकात असे कॅन दिसत राहतात जे रॅकवर नाहीत. वर्षभर असंच चाललं की मार्चमध्ये पुस्तकात पंचावन्न हजारांचा माल आणि रॅकवर चाळीसचा, आणि मग कोणाला आठवत नाही ते पंधरा हजार कुठे गेले. अशा वेळी नुसती F7 वरची जर्नल एंट्री पुरत नाही, त्याने उचल, जाहिरात आणि जीएसटी खात्यांना लागतात पण नग कमी होत नाहीत, त्यासाठी Alt+F7 वर Stock Journal मध्ये तेवढे कॅन वेगळे कमी करावे लागतात. दोन्ही एकाच दिवशी करा, नाहीतर एक राहतंच.

अजून एक छोटी सोय सांगते जी मला फार उपयोगी पडते. खरेदी खात्यात थेट जमा न करता 'उचल केलेला माल', 'नमुना वाटलेला माल' आणि 'दुकानात वापरलेला माल' अशी तीन वेगळी लेजर Purchase Accounts ग्रुपखाली उघडा आणि जमा त्यांना द्या. अकरावी-बारावीला कॉमर्स केलेल्यांना नमुन्याचं वेगळं खातं आठवत असेल. नफा-तोट्यात फरक पडत नाही, पण मूळ खरेदी ९०,००० जशीच्या तशी राहते आणि GSTR-2B शी जुळवताना ५,४०० चा फरक कुठला हे शोधत बसावं लागत नाही.

जीएसटी रिटर्नमध्ये काय करायचं ते अवघड नाही. GSTR-3B मध्ये आलेलं क्रेडिट आधी पूर्ण दाखवायचं आणि मग 4(B)(1) मध्ये परत करायचं, कलम १७(५) ची रिव्हर्सल तिथेच जाते. दादांच्या केसमध्ये ३६० अधिक ५४० म्हणजे ९००, सीजीएसटी ४५० आणि एसजीएसटी ४५०. त्याच्या खालच्या 4(B)(2) मध्ये चुकून टाकू नका, ती जागा नंतर परत घेता येणाऱ्या क्रेडिटची आहे आणि हे क्रेडिट कायमचं गेलेलं आहे. रिव्हर्सल करताना दर खरेदीच्या बिलावर जो लागला तोच धरायचा, आजचा नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला बऱ्याच वस्तूंचे दर बदलले, तेव्हा दुकानात आधीच्या जास्त दराने घेतलेला माल पडून होता, त्यातला घरी नेला तर क्रेडिट जेवढं घेतलं तेवढंच परत, कारण आपण जे घेतलं तेच परत करतोय.

फुकट दिसणारं सगळं सॅम्पल नसतं हे पण सांगायला हवं, नाहीतर लोक उगाच क्रेडिट सोडतात. दादा कधीकधी दोन कॅनवर एक बाटली फ्री देतात. ती फुकट नाहीये, गिऱ्हाईकाने जे पैसे दिले त्यात दोन कॅन आणि बाटली असं तिन्ही आलं, त्याच सर्क्युलरमध्ये 'एकावर एक फ्री'बद्दल असंच म्हटलंय की एका किमतीत दोन वस्तू विकल्या असं धरायचं. क्रेडिट राहतं, जाहिरातीची एंट्री करायची नाही, फक्त बिलावर बाटलीची ओळ शून्य किमतीने लिहायची म्हणजे नग बरोबर कमी होतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला काहीही न घेता नुसती वापरून बघायला दिली तर मात्र ती सॅम्पल.

आणि कंपनीने दादांना 'नॉट फॉर सेल' लिहिलेल्या बाटल्या वाटायला दिल्या असतील तर त्यांची खरेदीच नाही, क्रेडिट घेतलेलंच नाही, मग ना एंट्री ना रिव्हर्सल, नगांची नोंद वेगळ्या कागदावर ठेवली तरी चालते.

कंपोझिशनमध्ये असलेल्या दुकानदारांचं काम हलकं आहे. त्यांना क्रेडिट मिळतच नाही, त्यांची खरेदी आधीच ४७२ ने लिहिलेली असते, म्हणून उचल नावे ४७२, खरेदी जमा ४७२, संपलं, घरी नेलेला आणि लादीला वापरलेला कॅन त्यांच्याकडे एकाच किमतीचा. भागीदारी असेल तर ज्याने माल नेला त्या भागीदाराच्या नावाचीच उचल टाका, एकत्र टाकली की वर्षअखेर भांडण ठरलेलं. आणि प्रायव्हेट लिमिटेड असेल तर उचल हा प्रकारच नाही, कंपनी वेगळी आणि डायरेक्टर वेगळा, डायरेक्टरने माल नेला तर गिऱ्हाईकासारखं बिल करून पैसे भरायचे.

दादांकडे आम्ही आता गल्ल्याशेजारी दोऱ्याला बांधलेली एक वही ठेवलीय. तारीख, काय, किती, कुठे, एवढंच. 'कुठे'मध्ये चारच शब्द चालतात: घर, सॅम्पल, दुकान, स्टाफ. सॅम्पल असेल तर सोसायटीचं नाव आणि घेणाऱ्याची सही, कारण उद्या कोणी विचारलं की साठ बाटल्या खरंच वाटल्या का, तर जाहिरात खर्चाला दाखवायला दुसरं काही नसतं, बिल तर नाहीच. किंमत वहीत लिहायची नाही, ती मी महिनाअखेर खरेदीच्या बिलावरून लावते, पहिला आलेला माल पहिला गेला या हिशोबाने, क्लोजिंग स्टॉकला पण तीच पद्धत आहे म्हणून.

एप्रिल ते सप्टेंबरचं काय, हे राहिलं होतं. सॅम्पल वाटणं ऑक्टोबरमध्येच सुरू झालं होतं, त्याआधी फक्त घरी नेलेला माल होता, आणि वहिनींनी सांगितलं की घरी महिन्याला एक कॅन लागतोच, म्हणजे सहा कॅन, २,४०० चा माल आणि ४३२ क्रेडिट. आर्थिक वर्ष तेच होतं म्हणून सगळी एंट्री एकत्र केली आणि क्रेडिट ऑक्टोबरच्याच 3B मध्ये ९०० बरोबर परत केलं. चुकीचं क्रेडिट नुसतं लेजरमध्ये पडून असेल तर व्याज लागत नाही, ते टॅक्स भरायला वापरलं गेलं असेल तर त्या दिवसापासून वर्षाला १८ टक्क्यांनी लागतं, म्हणून मी आधी त्या सहा महिन्यांचं क्रेडिट लेजर उघडून बघितलं, बाकी एकदाही ४३२ च्या खाली गेली नव्हती, त्यामुळे व्याज आलं नाही.